प्लेट उचलण्याआधी रंगाचा सांधा कापा

चवथ महिन्यावर आली की गोव्यातील घराघरांतून रंगाचे डबे उघडतात. पावसाने ओल धरलेल्या भिंती वाळण्याची वाट पाहत रंगारी दारी येतो, दोन दिवसांत हॉल आणि देवघर उजळून निघते आणि या घाईत भिंतीवरचे स्विचबोर्डही भिंतीबरोबर रंगवले जातात. रोलर प्लेटवरून फिरतो, ब्रश तिच्या कडेत रंग भरतो आणि प्लेट व भिंत एकाच कातडीखाली झाकली जातात. पुढे दोन-चार वर्षे कोणाचे तिकडे लक्ष जात नाही. एखादे बटण अडकू लागते, सॉकेट सैल होते किंवा पुन्हा रंगकाम निघते, तेव्हा मात्र ही प्लेट काढायची वेळ येते आणि मागच्या घाईची किंमत तेव्हा मोजावी लागते.

आमच्या फोंड्याच्या घरातली गोष्ट. चिऱ्यांच्या जुन्या भिंती, चुन्याचा गिलावा, त्यावर कधीकाळचा डिस्टेंपर आणि त्यावर अलीकडच्या इमल्शनचे दोन हात. हॉलमधल्या प्लेटच्या खालच्या कडेत मी स्क्रू-ड्रायव्हर घातला आणि जोर लावला. प्लेट निघाली, पण तिच्याबरोबर तळहाताएवढा रंगाचा पापुद्रा आणि त्यामागचा थोडा गिलावाही खाली आला. पाच मिनिटांच्या कामासाठी पुढचे दोन दिवस लांबी भरणे, घासणे आणि रंगाची छटा जुळवणे यांत गेले. छटा अर्थातच जुळली नाही. शेजारचे काका निवृत्त वायरमन. ते पाहायला आले आणि त्यांनी भिंतीकडे नव्हे, तर कोपऱ्यातल्या इन्व्हर्टरकडे बोट दाखवून विचारले, "बाबा रे, हा बंद केला होतास का?" तो चालूच होता. भिंत फाटली ही त्या दिवशीची लहान चूक होती.

या दोन्ही चुका टाळता येतात. वीज खरोखर बंद करायची आणि प्लेट उचलण्याआधी तिच्याभोवतीचा रंग कापायचा, एवढेच ते काम आहे. या दोन वाक्यांमागची कारणे समजली, तर हात कुठे थांबवायचा हेही कळते.

भिंत का फाटते?

वाळलेला रंग म्हणजे एक सलग पातळ पडदा. प्लेटच्या कडेला तो प्लेटच्या प्लास्टिकवर चिकटलेला असतो आणि तसाच वळून भिंतीवर गेलेला असतो. प्लेट ओढली की हा पडदा ताणला जातो आणि सर्वांत कमकुवत जागी सुटतो. आपली अपेक्षा असते की तो प्लेट आणि भिंत यांच्या सांध्यावर तुटेल. पण सांध्याच्या खाचेत दर रंगकामाला जास्तीचा रंग साचतो, त्यामुळे तेथेच पडदा सर्वांत जाड असतो. इमल्शन तर रबरासारखे थोडे ताणलेही जाते. उलट भिंतीवर, विशेषतः जुन्या डिस्टेंपरच्या किंवा चुन्याच्या भुकटीसारख्या थरावर, त्याची पकड कच्ची असते. पावसाळ्यातील ओलीने ती आणखी सैल होते. म्हणून सांधा टिकतो आणि भिंत सोलली जाते.

ऑइल पेंटचे वागणे थोडे निराळे असते. तो वर्षानुवर्षे कडक होत जातो, ताणला न जाता तडकतो आणि त्याचे धारदार तुकडे उडतात. परिणाम मात्र तोच. भेग कुठे जाईल हे आपण ठरवत नाही, रंग ठरवतो. कटरने आधीच रेघ मारून ठेवली, की हा निर्णय आपल्या हातात येतो. पडदा आधीच तुटलेला असल्यामुळे प्लेट उचलताना ओढ भिंतीपर्यंत पोहोचतच नाही.

बटण बंद म्हणजे वीज बंद नव्हे

कटरचे पाते पोलादी असते, स्क्रू-ड्रायव्हरही पोलादी असतो आणि आपल्या घरातील वीज 230 व्होल्टची असते. म्हणून रंगाला हात लावण्याआधी वीज बंद करायची. येथे तीन गैरसमज नेहमी आढळतात.

पहिला गैरसमज बटणाचा. बटण खाली केले की दिवा विझतो. पण फेजची तार त्या बटणाच्या एका स्क्रूपर्यंत आलेलीच असते आणि प्लेटमागे जिवंत असते. प्लेट काढताना नेमका त्याच स्क्रूशी आपला संबंध येतो.

दुसरा गैरसमज एमसीबीचा. एका बोर्डात दोन वेगळ्या सर्किटांच्या तारा असू शकतात. दिवे एका एमसीबीवर आणि शेजारचे सॉकेट दुसऱ्यावर, अशी मांडणी सर्रास असते. दिवा विझला म्हणून सॉकेटही मेले असे समजू नये. शिवाय एकेरी एमसीबी फक्त एकच तार तोडतो. वायरिंग करताना कोणी फेज आणि न्यूट्रलची अदलाबदल केली असेल, तर तो बंद असतानाही आतली तार जिवंत राहते. मेन स्विच दोन्ही तारा तोडतो. म्हणून घरगुती माणसाने या कामासाठी सर्किट शोधत बसण्याऐवजी मेन स्विच बंद करावा. अर्धा तास पंखा नसला तर काही बिघडत नाही.

तिसरा गैरसमज सर्वांत धोक्याचा आणि पावसाळ्यात वारंवार वीज जाणाऱ्या आपल्या घरांना थेट लागू पडणारा. मेन बंद केला की इन्व्हर्टरला वाटते, वीज गेली. मग तो आपले नेमून दिलेले काम क्षणार्धात सुरू करतो. बॅटरीतून येणारा हा पुरवठाही घरातल्या विजेच्याच दाबाचा असतो आणि तितकाच जीवघेणा असतो. त्यामुळे इन्व्हर्टरही त्याच्या स्वतःच्या बटणाने बंद करायला हवा. याची उलट बाजूही लक्षात ठेवावी. फक्त इन्व्हर्टर बंद केला आणि मेन चालू ठेवला, तर अनेक इन्व्हर्टर बाहेरून आलेली वीज जशीच्या तशी पुढे सोडतात. म्हणून दोन्ही बंद हवेत. छपरावर सौर पॅनेल आणि त्याची बॅटरी असेल, तर तो पुरवठाही बंद झाला आहे याची खात्री बसवणाऱ्याकडून करून घ्यावी.

बंद झाले हे पाहायचे कसे? मेन बंद करण्यापूर्वी त्याच प्लेटवरच्या सॉकेटमध्ये टेबललॅम्प लावून तो चालू ठेवावा, त्या प्लेटवरचे दिवे-पंखेही चालू ठेवावेत आणि टेस्टर त्या सॉकेटच्या फेजला लावून तो उजळतो हे पाहावे. मग मेन आणि इन्व्हर्टर बंद करावेत. लॅम्प विझला, पंखा थांबला आणि टेस्टर उजळला नाही, म्हणजे तिन्ही साक्षी जुळल्या. एकट्या टेस्टरवर विसंबू नये. त्यातील दिवा आपल्या शरीरातून जाणाऱ्या अतिसूक्ष्म प्रवाहावर लागतो. जाड रबरी चप्पल, कोरडे लाकडी स्टूल आणि खिडकीतून येणारे ऊन एवढ्यानेही त्याचा उजेड दिसेनासा होतो. त्याच्या न उजळण्याला अर्थ येतो, तो दोन मिनिटांपूर्वी त्याच जागी तो उजळल्यामुळे.

मेन स्विचवर "काम चालू आहे" अशी चिठ्ठी चिकटवावी आणि घरातल्यांना सांगून ठेवावे. काम अर्थातच दिवसाउजेडी करावे, कारण घरातले दिवे आता लागणार नाहीत.

प्लेट कोणत्या जातीची?

कापण्याआधी प्लेट भिंतीला कशाने धरली आहे हे ओळखावे लागते. आपल्याकडे प्रामुख्याने दोन प्रकार दिसतात.

अलीकडच्या मॉड्युलर बोर्डावर बाहेरून एकही स्क्रू दिसत नाही. वरचे झाकण आतल्या चौकटीवर खटक्यांनी बसवलेले असते आणि ती चौकट स्क्रूंनी भिंतीतल्या डब्याला जोडलेली असते. झाकणाच्या खालच्या किंवा बाजूच्या कडेला स्क्रू-ड्रायव्हरचे टोक शिरेल एवढी एक बारीक खाच असते. रंगाने ती बुजलेली असते, त्यामुळे आधी बोटाने चाचपून ती शोधावी. रंगकामासाठी प्लेट काढायची असेल, तर हे झाकण निघाले की काम संपले. आतल्या चौकटीला हात लावण्याचे कारण नाही.

जुन्या घरांत लाकडी पेटीवर सनमायका किंवा बॅकेलाइटचा तक्ता असतो आणि तो कोपऱ्यांतल्या स्क्रूंनी धरलेला असतो. रंगाखाली स्क्रू फक्त उंचवट्यासारखे दिसतात. स्क्रू राहिलेला असताना तक्ता ओढला, तर तो कोपऱ्यात मोडतो. म्हणून आधी स्क्रूंची संख्या मोजावी. तीनच सापडले तर चौथा रंगाखाली आहे असे धरून चालावे. येथे आणखी एक फरक आहे. या तक्त्यावर बटणे आणि सॉकेटे थेट बसवलेली असतात, त्यामुळे तक्त्याबरोबर त्यांच्या ताराही पुढे येतात.

सांधा कापण्याची रीत

यासाठी बोथट झालेला टोकाचा तुकडा मोडून नवी धार काढता येते असा साधा कटर पुरतो. पाते नवे असावे. बोथट पाते रंग कापत नाही, फाडते. मग हात जोर लावतो आणि पाते घसरते. पाते दोन खणांहून अधिक बाहेर काढू नये, म्हणजे ते लवचिक होऊन वाकडे जाणार नाही.

पात्याचा सपाट भाग प्लेटच्या कडेला टेकवावा आणि टोक प्लेट व भिंत जेथे मिळतात त्या रेषेत ठेवावे. प्लेटची कडच येथे पट्टीचे काम करते. पाते भिंतीकडे सरळ असावे, प्लेटखाली तिरके जाऊ नये. प्लेट भिंतीतल्या डब्याहून चहूबाजूंनी थोडी मोठी असते, त्यामुळे सरळ गेलेले टोक गिलाव्यात थांबते. तिरके गेलेले टोक मात्र प्लेटखालून डब्याच्या, म्हणजे तारांच्या दिशेने जाते. वीज बंद असली तरी तारेवरचे वेष्टन कापले गेले, तर ती जखम वीज चालू झाल्यावर बोलते.

एका दमात खोल कापू नये. पहिली रेघ अगदी हलकी, केवळ वाट पाडण्यापुरती असावी. त्याच वाटेने दुसरी, तिसरी, गरज पडली तर चौथी रेघ ओढावी. खोली एक-दोन मिलिमीटरच्या पलीकडे जाण्याची गरज क्वचितच पडते, कारण आपल्याला रंग कापायचा आहे, गिलावा नव्हे. प्रत्येक रेघ कोपऱ्यापासून सुरू करून मध्याकडे आणावी आणि दुसरा अर्धा भाग समोरच्या कोपऱ्यापासून कापावा. कोपऱ्याकडे जाणारे पाते तेथे न थांबता पुढे घसरते आणि भिंतीवर कायमचा ओरखडा उमटतो. मोकळा हात पात्याच्या वाटेत कधीही नसावा.

रंग कापला गेला हे हाताला कळते. पूर्ण न कापलेल्या रंगात पाते अडखळत, किंचित चिकटत पुढे जाते. सांधा मोकळा झाला की ते अडथळ्याविना सरकते आणि रेघेत प्लेटची स्वच्छ कड दिसू लागते. चारही कोपरे पुन्हा एकदा तपासावेत. सर्वाधिक रंग तेथेच साचतो आणि भिंत फाटायला सुरुवातही तेथूनच होते. खाचेतला रंगही पात्याच्या टोकाने उकरून काढावा.

स्क्रू असतील, तर त्यांच्या डोक्याभोवती पात्याने गोल रेघ मारावी आणि चिरेतला रंग टोकाने पूर्ण साफ करावा. अर्धवट साफ केलेल्या चिरेत स्क्रू-ड्रायव्हर बसत नाही, घसरतो आणि चीर कायमची खराब करतो. मग तो स्क्रू काढणे हे स्वतंत्र काम होऊन बसते.

घर जुने असेल आणि ऑइल पेंटचे अनेक थर असतील, तर आणखी एक काळजी घ्यावी. घरगुती रंगातील शिशाचे प्रमाण दशलक्ष भागांत 90 भागांपुरते मर्यादित करणारे नियम भारतात 1 नोव्हेंबर 2017पासून लागू झाले. त्याआधीच्या रंगांत शिसे असण्याची शक्यता धरून चालावे. अशा रंगावर कोरडा पॉलिशपेपर मारून धूळ उडवू नये. खाली वर्तमानपत्र पसरावे, निघालेले तुकडे त्यातच गुंडाळून टाकावेत, मुलांना दूर ठेवावे आणि काम झाल्यावर हात धुवावेत.

उचलताना कान उघडे ठेवा

मॉड्युलर झाकणाच्या खाचेत चपटा स्क्रू-ड्रायव्हर घालून तो हलकेच पिळावा. टेकू भिंतीवर घ्यावाच लागला, तर मध्ये लांबी भरायची पातळ पट्टी किंवा जाड पुठ्ठ्याचा तुकडा ठेवावा, नाहीतर स्क्रू-ड्रायव्हरची दांडी गिलाव्यात खड्डा पाडते. एक बाजू किंचित सुटली की तेथेच जोर न वाढवता पुढच्या बाजूकडे जावे आणि झाकण चहूबाजूंनी थोडे थोडे सोडवावे.

आवाज येथे मार्गदर्शक ठरतो. "टक्" असा स्वच्छ आवाज आला, तर खटका सुटला. बारीक करकर ऐकू आली किंवा कडेचा रंग तंबूसारखा वर उचललेला दिसला, तर तेथे सांधा कापायचा राहिला आहे. लगेच थांबावे, उचललेला पापुद्रा बोटाने भिंतीला दाबून धरावा आणि तेवढा भाग पुन्हा कापावा. जोर वाढवणे हे त्यावरचे उत्तर कधीच नसते.

लाकडी पेटीवरचा तक्ता दाराप्रमाणे एका बाजूने उघडावा. काही पेट्यांना खरोखरच एका बाजूला बिजागऱ्या असतात आणि त्याही रंगाने जाम झालेल्या असतात. तारा ताणल्या जातील एवढा तक्ता पुढे ओढू नये. तो उघडल्यावर, आत काहीही करण्यापूर्वी, प्रत्येक स्क्रूला टेस्टर लावून पुन्हा पाहावे.

हॉलमधला प्रसंग घडल्यानंतर आमच्या घरातली दुसरी प्लेट, जेवणाच्या खोलीतली, याच रीतीने काढली. मेन आणि इन्व्हर्टर दोन्ही बंद केले आणि लॅम्प विझल्याचे पाहिले. रंगाचे थर तितकेच होते. तीन बाजू तीन रेघांत मोकळ्या झाल्या. वरच्या बाजूवर रंगाचा ओघळ साचला होता, तेथे पाच रेघा लागल्या. झाकण उचलताना वरच्या डाव्या कोपऱ्यात करकर ऐकू आली. थांबून तो कोपरा पुन्हा कापला, तेव्हा झाकण अलगद हातात आले. कापण्या-उचलण्याला वीस मिनिटे लागली. भिंतीवर केसाएवढी रेघ उरली आणि नवे झाकण बसल्यावर तीही त्याखाली गेली.

कुठे थांबावे

काही प्लेटांभोवती रंग नव्हे, तर लांबी किंवा सिमेंट भरलेले असते. पाते रंगातून गेल्यावर कठीण, दाणेदार थराला लागले आणि पांढरी किंवा करडी पूड येऊ लागली, तर कटरने पुढे जाण्यात अर्थ नाही. तेथे भिंत थोडी फोडावीच लागते.

झाकण निघाल्यावर आत काळे डाग, वितळलेले प्लास्टिक, जळका वास किंवा ओल दिसली, तर रंगकाम बाजूला ठेवावे, वीज बंदच ठेवावी आणि परवानाधारक वायरमनला बोलवावे. जुन्या घरात लाकडी पट्टीतून आलेल्या, रबर आणि कापडी वेष्टनाच्या तारा दिसल्या तरीही तेच करावे. हे रबर वयाने कडक होते आणि तार वाकवताच बिस्किटासारखे तुकडे होऊन गळते. तक्ता उघडण्याआधी धडधाकट दिसणारी वायरिंग उघडल्यानंतर उघडी पडलेली असू शकते. झाकण उचलणे हे गृहस्थाचे काम आहे, तारांना हात घालणे हे वायरमनचे.

पुन्हा हीच वेळ येऊ नये यासाठीचा उपाय रंगकामाच्या दिवशीच करायचा असतो. मॉड्युलर झाकणे रंगाआधी काढून ठेवावीत आणि उघड्या बटणांवर मास्किंग टेप लावावी. रंग होईपर्यंत, म्हणजे झाकणे परत बसेपर्यंत, त्या बोर्डांची वीज बंद ठेवावी, कारण ओला ब्रश आणि उघडा बोर्ड यांची गाठ पडू द्यायची नसते. झाकणे काढणे शक्य नसेल, तर त्यांच्या कडेने टेप लावावी आणि शेवटचा हात ओला असतानाच ती सोलून काढावी. रंग वाळल्यावर टेप ओढली, तर तिच्याबरोबरही पापुद्रा निघतो; कारण तेथेही प्रश्न त्याच न कापलेल्या सांध्याचा असतो.